उष्टावणाची चित्रफीत करायची आहे: क्रम, मान आणि वाटीतील पदार्थ तपासून द्यावेत

डोंबिवलीचा_मामा | 29 ऑगस्ट 2025

नमस्कार मंडळी. मला दोन बहिणी आहेत. धाकटी डोंबिवलीतच असते आणि तिच्या मुलाचा जन्म 12 मार्चचा आहे. थोरली टोरोंटोला असते आणि तिच्या मुलीचा जन्म 20 एप्रिलचा आहे. भाच्याचे उष्टावण आमच्या घरी होईल. त्याचे मी नीट चित्रीकरण करावे, म्हणजे ती आठ-दहा मिनिटांची चित्रफीत पाहून तिकडे गुरुजींशिवाय भाचीचे उष्टावण करता येईल, असे थोरलीचे म्हणणे आहे. मामा या नात्याने भरवणारा मीच आहे, त्यामुळे कॅमेरा मेहुण्यांच्या हाती राहील.

मी लिहून काढलेला क्रम असा: देवापुढे समई आणि गणपतीचे स्मरण, पाटाभोवती रांगोळी, पाटावर मामा आणि त्याच्या मांडीवर बाळ, आईने दोघांना ओवाळणे, चांदीच्या वाटीतील तांदळाची खीर मामाने सोन्याच्या अंगठीने चाटवणे, मग आजी-आजोबा, आई-वडील आणि जमलेल्या सर्वांनी एकेक घास देणे, शेवटी बाळापुढे पुस्तक, लेखणी, नाणे वगैरे मांडून ते कशाला हात लावते ते पाहणे. यात काय चुकते आहे आणि काय राहिले आहे ते कृपया सांगावे. मुहूर्त अजून काढलेला नाही.

---

वैजयंती_सांगली | 29 ऑगस्ट 2025

मी गेली 14 वर्षे घरगुती संस्कारांचे पौरोहित्य करते, म्हणून क्रमाआधी दिवसाविषयी लिहिते, कारण तुमची अडचण तिथेच येणार आहे.

मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची आपल्याकडे रीत आहे. मुलासाठी सहावा सांगितला जातो, पण तो चालू सहावा महिना असतो, पूर्ण झालेला नव्हे. तुमच्या भाच्याचे पाच महिने 12 ऑगस्टला पूर्ण झाले, म्हणजे त्याचा सहावा महिना 11 सप्टेंबरपर्यंत चालेल. डॉक्टर मात्र सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण 180 दिवसांनी वरचे अन्न सुरू करायला सांगतात. 12 मार्चपासून मोजल्यास 180 दिवस 8 सप्टेंबरला भरतात. याचा अर्थ शास्त्र आणि डॉक्टर या दोघांच्याही हिशेबात बसणारे दिवस केवळ 8 ते 11 सप्टेंबर एवढेच उरतात, आणि यंदा 7 तारखेच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण असून 8 पासून पितृपक्ष लागतो. त्या दिवसांत उष्टावण करायला बहुतेक घरे तयार होत नाहीत.

तुमच्या भाचीचे मात्र सहज जमते. मुलीचा चालू सातवा महिना सहा महिने पूर्ण झाल्यावरच सुरू होतो, त्यामुळे 20 ऑक्टोबर ते 19 नोव्हेंबर यांतला कोणताही बरा दिवस दोन्ही बाजूंनी चालेल. काही घरांत मुलीचे पाचव्या महिन्यात उरकतात. तेवढे करू नये.

---

रमाकांत_देव | 30 ऑगस्ट 2025

वैजयंतीताईंनी दिवसाचे चांगले उलगडले आहे, परंतु वाटीतला मुख्य पदार्थच या क्रमात राहून गेला आहे. गृह्यसूत्रात दही, मध आणि तूप मिसळलेले अन्न द्यावे असे स्पष्ट आहे. आमच्या घरी मामाने सोन्याच्या अंगठीने प्रथम मध चाटवायचा आणि मग खीर, असा प्रघात आहे. बाजारातला मध नको एवढे खरे, परंतु महाबळेश्वरकडचा खात्रीचा शुद्ध मध असल्यास काहीही होत नाही. माझी तीनही मुले आणि पाच नातवंडे याच रीतीने वाढली आहेत. चित्रफितीत मध दाखवला नाही तर पुढच्या पिढीला तो कधी कळणारच नाही.

---

अंगणवाडीताई_वाई | 30 ऑगस्ट 2025

देवकाका, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. मधाची शुद्धता हा इथला प्रश्नच नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते अस्सल मधातही असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. त्याला बोट्युलिझम म्हणतात. बाळाला बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, चोखण्याची ताकद जाते, मान लुळी पडते. हे क्वचित घडते, म्हणूनच आपल्या आठ मुलांना काही झाले नाही. पण घडले तर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. घरी मध गरम करून किंवा खिरीत उकळून हे बीजाणू मरत नाहीत. म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत अंगठीला लावूनसुद्धा मध नको. पंचामृताचे तीर्थही याच कारणाने नको, कारण त्यात मध असतोच.

आमच्या अंगणवाडीत अन्नप्राशन दिवस साजरा होतो. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांना आई आणि आजी घेऊन येतात, ओवाळतात आणि सर्वांसमोर पहिला घास देतात. तेव्हा आम्ही मुख्यतः दोनच गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे बाळ टेकून बसते का, त्याची मान स्थिर आहे का आणि चमचा तोंडाशी नेल्यावर जीभ तो बाहेर ढकलते का. जीभ सारखी ढकलत असेल तर दोन-चार दिवस थांबून पुन्हा पाहावे. दुसरी म्हणजे घास किती दाट आहे. चमचा तिरका केला की घास हळूच सरकून पडला पाहिजे, पाण्यासारखा ओघळता कामा नये. पुष्कळ घरांत भाताची पेज गाळून देतात, तीत पाण्याखेरीज फारसे काही नसते.

मामांना एक विनंती. मांडीवर बाळ आडवे ठेवून भरवताना पाहिले आहे. तसे दाखवू नका. पाठ तुमच्या पोटाला टेकवून त्याला उभे बसवा.

---

प्रकाशचित्र_ठाणे | 30 ऑगस्ट 2025

चांदीच्या वाटीवर समोरून प्रकाश टाकल्यास चित्रात केवळ पांढरा ठिपका दिसतो. खिडकी बाजूला राहील असे बसा आणि पडदा पातळ ठेवा. आवाजासाठी दुसरा फोन पाटाखाली ठेवावा. 4K ची गरज नाही, 1080p पुरेसे आहे. बारशाच्या वेळी पाळण्याच्या दोरीचा आवाज फार येतो, तेव्हा ध्वनिमुद्रक पाळण्यापासून दूर ठेवावा.

---

डोंबिवलीचा_मामा | 30 ऑगस्ट 2025

प्रकाशासाठी आभार, पण हे बारसे नसून उष्टावण आहे. त्यात पाळणा नाही.

वैजयंतीताई, दिवसाचे ऐकून आम्ही सर्वच गप्प झालो. आमची आजी म्हणते की पितृपक्षाआधी, गौरी-गणपती घरात असतानाच उरकून घ्या. त्या दिवशी बाळ साडेपाच महिन्यांचे असेल. तसे केले तर चालेल का? आणि देवकाकांच्या मुद्द्यावर सूत्र नेमके काय म्हणते?

---

वैजयंती_सांगली | 31 ऑगस्ट 2025

आधी सूत्राविषयी. देवकाका म्हणतात ते आश्वलायन गृह्यसूत्रात आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच ठिकाणी इच्छेनुसार वेगवेगळी अन्ने सांगितली आहेत आणि तेजासाठी तूप-भात पुरेसा म्हटला आहे. तिथेच बोकडाच्या आणि तित्तिर पक्ष्याच्या मांसाचाही पर्याय आहे, तो आपल्यापैकी कोणी पाटावर मांडत नाही. त्यामुळे मध वगळून तूप-भात ठेवल्यास सूत्र मोडत नाही, त्यातलाच दुसरा पर्याय निवडला जातो. मी माझ्या यजमानांकडे मध ठेवूच देत नाही.

मंत्र लहान आहे: «अन्नपतेऽन्नस्य नो देह्यनमीवस्य शुष्मिणः». अन्नाच्या स्वामीने रोग न आणणारे आणि बळ देणारे अन्न द्यावे, असे यात मागितले आहे. आता रोग न आणणारे अन्न मागताना मध द्यावा का, याचा विचार काकांनीच करावा. मुलीसाठी सूत्राने हे कर्म मंत्राविना सांगितले आहे. मी मुलीसाठीही मंत्र म्हणते आणि आजवर एकाही आजीने मला अडवलेले नाही. तरी थोरल्या बहिणीने आपल्या घराला विचारून ठरवावे.

आता मानाविषयी. शास्त्राप्रमाणे संकल्प वडिलांचा असतो. पहिला घास मामाने देणे ही लोकरीत आहे. दोन्ही एकत्र बसतात: वडिलांनी शेजारच्या पाटावर बसून संकल्प करावा, मंत्र म्हणावा आणि वाटी मामाच्या हाती द्यावी. तुमच्या क्रमात वडील केवळ घास देणाऱ्यांच्या रांगेत उभे आहेत.

गणपतीत उरकण्याविषयी मी होकार देणार नाही. माझे मत असे की अन्न आणि सोहळा यांची फारकत करावी. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे 12 सप्टेंबरपासून, गाजावाजा न करता मऊ भात सुरू करावा. रोजचे जेवण हे मंगलकार्य नव्हे, त्यामुळे पितृपक्षाची आडकाठी येत नाही. सोहळा चालू आठव्या महिन्यात, म्हणजे 12 ऑक्टोबरनंतर करावा. 23 ऑक्टोबरला भाऊबीज आहे आणि मामा त्या दिवशी बहिणीच्या घरी असतोच.

---

स्पष्टवक्ती_नाशिक | 31 ऑगस्ट 2025

मला हे पटत नाही. उष्टावण म्हणजे तोंड पहिल्यांदा उष्टे होणे. सहा आठवडे रोज वरण-भात खाल्लेल्या बाळाचे उष्टावण ऑक्टोबरमध्ये करायचे, तर ते केवळ चित्रफितीसाठी होणार. एक तर पितृपक्ष बाजूला ठेवून 10 सप्टेंबरला करा, नाहीतर करूच नका.

---

वैजयंती_सांगली | 31 ऑगस्ट 2025

तुमचा आक्षेप शब्दार्थाला धरून आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पुष्कळ घरे तडजोड म्हणून खीर तेवढी त्या दिवसासाठी राखून ठेवतात, म्हणजे तो पदार्थ तरी पहिला ठरतो. वाट पाहत बाळाला आठव्या महिन्यापर्यंत केवळ दुधावर ठेवणे मात्र कोणत्याही तऱ्हेने योग्य नाही.

---

सुमती_लातूर | 1 सप्टेंबर 2025

माझे प्रकरण थोडे निराळे आहे. मला भाऊ नाही. मुलाच्या वेळी सासरचे म्हणाले की मामा नसेल तर उष्टावण अडते. मी रडकुंडीला आले होते. शेवटी माझ्या वडिलांनी, म्हणजे बाळाच्या आजोबांनी, बाळाला मांडीवर घेतले आणि चांदीची वाटीही त्यांनीच आणली. मुलीच्या वेळी माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे मावशीने भरवले. कोणीही काही बोलले नाही. चित्रफितीत मामा नसल्यास काय करावे, याचे एक वाक्य घातलेत तर माझ्यासारख्या कितीतरी जणींवरचे ओझे उतरेल.

दुसरे म्हणजे, सर्वांनी एकेक घास देण्याचे ठेवू नका. आमच्याकडे 30 माणसे होती. अकराव्या माणसाला बाळाने सगळे उलटून टाकले, ते थेट मामेसासऱ्यांच्या सदऱ्यावर.

---

अरिंदमची_बायको | 1 सप्टेंबर 2025

माझे सासर कोलकात्याचे आहे. तिथे याला मुखेभात म्हणतात आणि तिथेही बहुधा मामाच पायेस भरवतो, हे पाहून मला माहेरची आठवण झाली. बाळाच्या डोक्यावर शोल्याचा पांढरा टोपर असतो. नंतर ताटात माती, पुस्तक, लेखणी आणि नाणे मांडतात. माझ्या मुलाने मातीची मूठ थेट तोंडात घातली. सासूबाई म्हणाल्या की जमीनजुमला होईल, मी मात्र ओल्या फडक्याने तोंड पुसत बसले. आपल्या वस्तूंमध्ये माती नको आणि सुटे नाणेही नको, एवढेच सुचवते.

---

अंगणवाडीताई_वाई | 2 सप्टेंबर 2025

नाण्याबद्दल ताईंनी बरोबर लिहिले आहे. तीच गोष्ट अक्षतांची आहे. ओवाळल्यावर बाळाच्या डोक्यावर टाकलेले कच्चे तांदूळ वाटीत पडतात, किंवा बाळ मांडीवरचा दाणा उचलून तोंडात घालते. अक्षता टाकून झाल्यावर मांडी आणि पाट झटकून घ्यावा आणि वाटी त्यानंतरच समोर आणावी. अंगठी खड्याची नसावी, साधी वळ्यासारखी असावी आणि पाण्यात पाच मिनिटे उकळून घ्यावी.

खिरीचे प्रमाण लिहून देते. दोन चमचे आंबेमोहोर किंवा घरात असेल तो तांदूळ धुऊन सावलीत वाळवावा, मंद आचेवर कोरडाच भाजावा आणि मिक्सरमधून रवाळ काढावा. त्यातला एक चमचा पाऊण वाटी पाण्यात सतत ढवळत दहा-बारा मिनिटे शिजवावा. दोन बोटांमध्ये चोळल्यावर कणी लागता कामा नये. बाळाची वाटी इथेच वेगळी काढावी, कोमट झाल्यावर तीत थोडे आईचे दूध आणि अर्धा चमचा साजूक तूप घालावे. साखर, गूळ, मीठ काही नको. उरलेल्या खिरीत मोठ्यांसाठी दूध, साखर, वेलची, चारोळी, बदाम काय हवे ते घाला. पुष्कळांची चूक अशी होते की सर्वांची खीर एकत्र करून त्यातलीच वाटी भरतात, मग चारोळी बाळाच्या घशात जाते.

शिजवलेला तांदूळ उघड्यावर तासन्‌तास राहिला की बिघडतो. चित्रीकरणासाठी सकाळीच वाटी सजवून ठेवाल आणि दुपारी तीच भरवाल, असे करू नका. सजावटीची वाटी वेगळी ठेवा आणि बाळाची खीर ओवाळणी सुरू झाल्यावर चुलीवरून उतरवा.

---

रमाकांत_देव | 2 सप्टेंबर 2025

वैद्यकीय मुद्दा मी नातवाच्या डॉक्टरांना विचारला. त्यांनीही वर्षापर्यंत मध नको म्हणून सांगितले. माझ्या मते पूर्वीच्या बाळांची प्रकृतीच निराळी होती. असो. अंगठीला तूप लावण्यास माझी हरकत नाही, पण अंगठी वगळू नये.

---

डोंबिवलीचा_मामा | 25 ऑक्टोबर 2025

परवा भाऊबिजेला उष्टावण पार पडले. वैजयंतीताईंच्या सांगण्याप्रमाणे 12 सप्टेंबरपासून बाळाला मऊ भात आणि मुगाचे वरण सुरू केले होते आणि खीर मात्र राखून ठेवली होती. आजी अजूनही म्हणते की हे खरे उष्टावण नव्हे.

मुहूर्त सकाळी साडेदहाचा होता आणि बाळ नेमके दहाला झोपले. आम्ही त्याला उठवले नाही. सव्वाअकराला जागे झाल्यावर त्याला दूध पाजले आणि अर्ध्या तासाने पाटावर बसलो. खीर तेव्हाच चुलीवर ठेवली. मेहुण्यांनी संकल्प केला, बहिणीने मला आणि बाळाला एकाच तबकाने ओवाळले, मेहुण्यांनी मंत्र वाचून वाटी माझ्या हाती दिली. तुपाच्या अंगठीला बाळाने तोंड वाकडे केले, पण खिरीचे तीन लहान चमचे खाल्ले. चौथ्याला त्याने तोंड फिरवले आणि आम्ही तिथे थांबलो. बाकीच्यांनी घास न देता बाळाच्या पायांना हात लावून आशीर्वाद दिले. एका घासाला त्याला उबळ आली. तो खोकला, चेहरा लाल झाला, आवाज मोठा होता. मी घाबरून त्याच्या तोंडात बोट घालणार होतो, पण बहिणीने हात धरला. चार-पाच सेकंदांत त्याने घास स्वतःच पुढे आणून गिळला. हा भाग चित्रफितीतून काढावा की ठेवावा?

---

अंगणवाडीताई_वाई | 25 ऑक्टोबर 2025

कृपया ठेवा. आवाज करत खोकणारे बाळ स्वतः घास सोडवत असते, तेव्हा तोंडात बोट घातल्यास तो आत ढकलला जातो. आवाज बंद होऊन बाळ निळसर पडू लागले, तर तो अडकलेला घास असतो. तेव्हा तत्काळ बाळाला पालथे, डोके खाली करून हातावर धरायचे आणि खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारायच्या, आणि त्याच वेळी कोणीतरी मदत बोलवायची. हा फरक पाहिलेला असला म्हणजे माणूस गांगरत नाही.

---

टोरोंटोची_थोरली | 26 ऑक्टोबर 2025

मीच ती थोरली. दादाने धाग्याचा दुवा पाठवला म्हणून खाते उघडले. चित्रफीत दोनदा पाहिली. आम्ही रविवार 9 नोव्हेंबर ठरवला आहे. मुलीसाठीही मंत्र म्हणायचा, असे दोघांनी ठरवले.

माझी अडचण मामाची आहे. मामा डोंबिवलीत आहे आणि तो पडद्यावरूनच दिसेल. मग चमचा कोणाच्या हातात द्यायचा? सासूबाई म्हणतात की मुलीच्या आत्याचे यजमान इथेच आहेत, त्यांनी भरवावे. मला ते पटत नाही.

---

सुमती_लातूर | 26 ऑक्टोबर 2025

ताई, तुम्ही स्वतःच भरवा. मामा तुमच्याच माहेरचा मान आहे, आणि तुम्ही माहेरच्याच.

---

वैजयंती_सांगली | 27 ऑक्टोबर 2025

सुमतीताईंचे म्हणणे मला आवडले, पण ते रूढीत बसते असे मी म्हणणार नाही. माझ्या एका यजमानांकडे मामाने अंगठी आणि वाटी आधी पाठवून दिली होती आणि पडद्यावरून तो «घे बाळा» म्हणत असताना आईने चमचा धरला होता. आत्याच्या यजमानांना मान द्यायचा तर वाटी धरायला सांगावे, म्हणजे सासूबाईही रुसणार नाहीत.

---

डोंबिवलीचा_मामा | 27 ऑक्टोबर 2025

वाटी आणि अंगठी उद्याच पाठवतो, पण 9 तारखेआधी पोहोचेल की नाही हे सांगता येत नाही. ताई, 2 नोव्हेंबरला तुमच्याकडची घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे तुझ्याकडे सकाळचे नऊ वाजतील तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतील. मी सातपासून पाटावर बसून असेन. भाची झोपली असेल तर उठवू नकोस.